आठ आठवडे, तीन वर्षे आणि एक कमी केलेली गोळी: एपिजेनेटिक घड्याळ नेमके काय मोजते?

"जन्मदाखल्यावरचे वय विसरा! लाळेच्या एका चाचणीत शरीराचे खरे वय कळते. अमेरिकेत सिद्ध झाले आहे, योग्य आहाराने फक्त ८ आठवड्यांत वय ३ वर्षांनी कमी होते. जैविक वय कमी आले की बीपी-शुगरच्या गोळ्यांची गरजच उरत नाही. सर्वांना पाठवा."

हा मजकूर माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिने लाळेची नळी भरून पाठवली, चौसष्टाव्या वर्षी अहवालात सत्तावन्न हा आकडा आला, आणि मधुमेहाची गोळी आता एक दिवसाआड घेतली तर चालेल का, असे तिने मला फोनवर विचारले. तेव्हा ती गोळी तिने आधीच कमी केलेली होती. त्यामुळे पुढचे सारे जरा चिडूनच लिहीत आहे, पण प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणार आहे.

आधी "खरे वय" या मुद्द्याकडे पाहू. आपल्या डीएनएमध्ये सायटोसिन नावाचे अक्षर ज्या ठिकाणी ग्वानिनच्या अगदी आधी येते, अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. त्यांतल्या पुष्कळ जागांवर मिथाइल हा छोटा रासायनिक गट चिकटलेला असतो. वय वाढते तशी काही जागांवरची ही खूण वाढते, काही जागांवरची पुसट होते. प्रयोगशाळेत डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. तिच्यामुळे खूण नसलेले सायटोसिन बदलते आणि खूण असलेले तसेच राहते. मग चिपवर प्रत्येक जागेसाठी ० ते १ यांमधला एक आकडा मिळतो, म्हणजे नमुन्यातल्या पेशींपैकी साधारण किती हिश्श्यात ती खूण आहे हे कळते. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली सुमारे ८००० नमुन्यांवरून अशा ३५३ जागा निवडल्या, प्रत्येकीला वजन दिले आणि त्यांच्या बेरजेतून वयाचा अंदाज काढणारे सूत्र प्रसिद्ध केले. त्यांतल्या १९३ जागांवर वयाबरोबर खुणा वाढतात, १६० जागांवर कमी होतात. एपिजेनेटिक घड्याळ म्हणतात ते हे सूत्र.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. या सूत्राला शिकवताना उत्तर म्हणून काय दिले होते? जन्मतारखेवरून काढलेले वय. जे वय विसरायला सांगितले जाते, तेच ओळखायला हे घड्याळ शिकले आहे. नमुना देणाऱ्याचे हृदय, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंड कसे आहे, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. त्याचा अंदाज आणि जन्मतारीख यांतले अंतर हेच "जैविक वयाचे" रहस्य, असे नंतर गृहीत धरले गेले. त्या अंतरात आरोग्याचा काही अंश असतो हे खरे, पण मापनातली चूकही तिथेच दडलेली असते. २०१९ साली एका अभ्यासात असे दिसले की अधिक नमुन्यांवर शिकवून घड्याळ जन्मतारखेच्या जितके जवळ नेले, तितका त्या अंतराचा मृत्यूच्या जोखमीशी असलेला संबंध क्षीण होत गेला. कॅलेंडरचे वय अचूक सांगणारे परिपूर्ण घड्याळ आरोग्याविषयी काहीच सांगू शकणार नाही, कारण जन्मदाखलाही तेवढेच सांगतो.

आता "८ आठवडे, ३ वर्षे". या संदेशातला सर्वांत भुरळ पाडणारा आणि सर्वांत कमी तपासलेला भाग हाच आहे. तो ज्या अभ्यासातून उचलला आहे, तो २०२१ साली 'एजिंग' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५० ते ७२ वर्षे वयाचे ४३ निरोगी पुरुष त्यात होते. म्हणजे मावशीसारखी स्त्री त्यात एकही नव्हती आणि मधुमेहाची गोळी घेणारा रुग्ण हा त्याचा विषय नव्हता. निम्म्यांना आहार, व्यायाम, झोप आणि श्वसनाचा कार्यक्रम दिला, उरलेल्यांना काहीच दिले नाही. त्या आहारात पालेभाज्या आणि बीट होते, तशीच आठवड्यातून तीनदा कलेजी होती आणि अंडीही होती. ही बाब आपल्याकडे फिरणाऱ्या शाकाहारी आवृत्त्यांतून सोयीस्करपणे गळाली आहे. वय मोजले ते लाळेवरून आणि होर्वाथ यांच्या घड्याळाने.

निकालाचे आकडे असे आहेत. कार्यक्रम पाळणाऱ्या गटाचे घड्याळाचे वय सरासरी १.९६ वर्षांनी घटले. संशोधकांनी स्वतःच नोंदवले आहे की या गटाची आधीची आणि नंतरची तुलना केली, तर ही घट संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला उतरत नाही. मग तीन वर्षे आली कुठून? काहीच न करणाऱ्या गटाचे वय त्याच काळात १.२७ वर्षांनी वाढले. घट आणि वाढ यांची बेरीज केली की ३.२३ होतात, आणि दोन गटांमधला हा फरक कसोटीला उतरला. मथळा झाला तो याच बेरजेचा.

या १.२७ वर थोडे थांबू. आठ आठवडे म्हणजे वर्षाचा जेमतेम सातवा हिस्सा, दशांशात ०.१५ वर्ष. आपले नेहमीचे आयुष्य जगणारी माणसे तेवढ्या काळात सव्वा वर्षाने म्हातारी झाली, असे मानायचे का? तसे मानले तर ती वर्षभरात आठ वर्षांनी म्हातारी व्हायला हवीत. तसे घडत नाही. याचा सरळ अर्थ असा की गटाच्या सरासरीतही वर्षा-सव्वा वर्षाचा हेलकावा या मापनात आपोआप येतो. समजा, एका माणसाच्या दोन मापनांतला फरक सुमारे ४ वर्षे इकडेतिकडे झुलतो. मग २० माणसांची सरासरी काढल्यावरही जवळपास १ वर्षाचा हेलकावा शिल्लक राहतो. म्हणजे ३.२३ पैकी सुमारे दोन पंचमांश भाग ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्याकडून आलेला आहे. अभ्यास छोटा होता, प्राथमिक होता, आणि पुढे मोठ्या गटावर तपासायला योग्य होता. एवढेच त्यावरून म्हणता येते.

हा हेलकावा किती मोठा असू शकतो, याचे सर्वांत भक्कम उत्तर २०२२ साली 'नेचर एजिंग'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आल्बर्ट हिगिन्स-चेन, मॉर्गन लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या कामात आहे. रक्ताचा एकच नमुना, एकाच वेळी काढलेला, दोनदा तपासला तर काय होते, हे त्यांनी पाहिले. सहा नामांकित घड्याळांच्या बाबतीत त्याच नमुन्याच्या दोन उत्तरांत कमाल ९ वर्षांपर्यंत फरक आढळला. माणूस तोच, सकाळ तीच, रक्तही तेच, फक्त चिपवरचे मोजमाप दुसऱ्यांदा केलेले. एकेका जागेवरचे मोजमाप थोडे डळमळीत असते आणि शेकडो जागांची वजनदार बेरीज करताना ते डळमळणेही उत्तरात उतरते. त्याच संशोधकांनी गणिताची पद्धत बदलून हा फरक बहुतेक वेळा दीड वर्षाच्या आत आणता येतो हेही दाखवले, म्हणून हे क्षेत्रच निकामी आहे असे मी म्हणत नाही. पण अहवालात घड्याळाचे नाव नसेल, पद्धत नसेल, आणि त्याच नमुन्याची फेरतपासणी केल्यास उत्तर किती हलते हेही नसेल, तर सत्तावन्न या आकड्याला किती किंमत द्यायची? मावशीच्या अहवालात यांतले काहीही नाही. चौसष्ट आणि सत्तावन्न यांतले ७ वर्षांचे अंतर त्या ९ वर्षांच्या आत बसते.

लाळेची आणखी एक अडचण आहे. लाळेत तोंडाच्या अस्तराच्या पेशी आणि पांढऱ्या रक्तपेशी मिसळलेल्या असतात, आणि त्यांचे प्रमाण दर वेळी सारखे नसते. हिरड्या सुजलेल्या असतील तर पांढऱ्या पेशी जास्त येतात. प्रत्येक पेशीप्रकाराच्या मिथाइल खुणा वेगळ्या असतात. एकाच माणसाच्या रक्तातल्या, अजून संसर्गाशी गाठ न पडलेल्या टी-पेशी घड्याळाला त्याच माणसाच्या अनुभवी टी-पेशींपेक्षा १५ ते २० वर्षांनी तरुण दिसतात. मिश्रण बदलले की "वय" बदलते, त्यासाठी पेशी तरुण व्हाव्या लागत नाहीत. मोठी शस्त्रक्रिया आणि गंभीर कोविड यांत घड्याळाचे वय झपाट्याने चढते आणि बरे होताना उतरते, असे २०२३ सालच्या एका अभ्यासात नोंदवले आहे. एवढ्या लवकर चढउतार होणाऱ्या आकड्यावरून आठ आठवड्यांच्या काकडी-बीटचे श्रेय ठरवणे धाडसाचे आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. नंतरची काही घड्याळे जन्मतारखेवर शिकवलेली नाहीत. २०१९ चे ग्रिमएज मृत्यूच्या जोखमीवर घडवले आहे, त्यात धूम्रपानाचा मिथाइल खुणांवरून काढलेला अंदाज आहे, आणि हजारो लोकांच्या गटात कोणाला जोखीम जास्त हे ते बऱ्यापैकी सांगते. न्यूझीलंडमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या लोकांच्या दीर्घ पाठपुराव्यातून बनलेले डनेडिनपेस वय सांगतच नाही, म्हातारपणाचा वेग सांगते. दोन वर्षे उष्मांक कमी करणाऱ्या एका नियंत्रित अमेरिकी चाचणीत हा वेग २ ते ३ टक्क्यांनी मंदावलेला दिसला. त्याच चाचणीत, त्याच लोकांच्या रक्तात, ग्रिमएज मात्र हलले नाही. म्हणजे काळजीपूर्वक राबवलेल्या दोन वर्षांच्या प्रयत्नातून दोन-तीन टक्के, आणि तेही एका घड्याळावर दिसले, दुसऱ्यावर नाही. खरे संशोधन या प्रमाणात बोलते.

आता गोळ्यांविषयी, ज्यासाठी हे लिहायला घेतले. रक्तदाब आणि रक्तातली साखर यांतले काहीही लाळेची ही चाचणी मोजत नाही. लेव्हिन यांनी २०१८ साली फेनोएज नावाचे घड्याळ बनवले, तेव्हा त्याला शिकवण्यासाठी वयाच्या जोडीला रक्ताच्या नऊ साध्या चाचण्या वापरल्या: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ग्लुकोज, सीआरपी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि रक्तपेशींच्या चार मोजण्या. या साऱ्या आपल्या गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतात. म्हणजे मिथाइल खुणांवरून ज्याचा दूरचा अंदाज बांधायचा, ते थेट मोजण्याची सोय घराजवळच आहे. घड्याळाचा आकडा कमी आला म्हणून मधुमेहाचे औषध कमी करावे, अशी शिफारस फेनोएज, ग्रिमएज किंवा होर्वाथ, यांपैकी कोणाच्याही मूळ संशोधनात नाही. गोळीचा डोस ठरतो तो एचबीए१सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेच्या सरासरीवर, आणि तोही डॉक्टरांनी ठरवायचा असतो. मावशीला गोळी आजपासून रोज सुरू करायला सांगितली आहे, एचबीए१सी आणि क्रिएटिनिनसाठी उद्या सकाळची वेळ घेतली आहे, आणि तो सत्तावन्नाचा कागद डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावू नये असेही सांगितले आहे.