जिन्याचा दरवाजा विटेने अडवू नका

सोसायटीत आगीचा विषय निघाला की चर्चा फायर एक्स्टिंग्विशरवर येऊन थांबते. माझ्या मते त्याआधी जिन्याकडे पाहायला हवे, कारण इमारतीच्या आगीत ज्वाळा पोहोचण्याच्या कितीतरी आधी धूर पोहोचतो आणि उघडा जिना चिमणीसारखा तो थेट वरच्या मजल्यांपर्यंत ओढून नेतो. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगाव पश्चिम येथे पहाटे लागलेल्या आगीत तळाच्या पार्किंगमध्ये वाहने आणि कापडाचे गठ्ठे पेटले, आणि बळी गेले ते वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचे.

उंच इमारतींत जिन्याला आपोआप बंद होणारा फायर डोअर असतो तो हा धूर अडवण्यासाठीच. आपण मात्र वारा यावा किंवा सामान नेताना अडचण होऊ नये म्हणून त्याला वीट लावून ठेवतो, आणि मग तो दरवाजा असून नसल्यासारखा होतो. तो नीट चालतो का हे पाहायला दार पूर्ण उघडून हातातून सोडून द्यावे. ते स्वतःहून मिटून खटका बसला नाही, तर डोअर क्लोजर बिघडला आहे असे समजावे. जिन्यातली शू-रॅक, जुनी गादी, लहान मुलांची सायकल या वस्तू अंधारात पायात येतात एवढेच नव्हे. फोम आणि रबर जळू लागले की सुटकेच्या वाटेवरच विषारी धूर तयार होतो. (‘दोन दिवसांत काढतो’ असे सांगून ठेवलेली गादी दिवाळीपर्यंत तिथेच असते, हा सर्वांचाच अनुभव असावा.)

घरात आग लागली तर सर्वांना बाहेर काढून दार ओढून घ्यावे, लिफ्ट न वापरता जिन्याने उतरावे आणि 101 वर कळवावे. आग दुसरीकडे असेल आणि जिन्यात दाट धूर भरला असेल, तर त्यात शिरू नये. घराचे दार लावून फटीत ओले टॉवेल कोंबावेत, धूर नसलेल्या बाजूच्या बाल्कनीत यावे आणि आपला मजला व फ्लॅट क्रमांक अग्निशमन दलाला सांगावा. म्हणूनच बाल्कनीच्या ग्रिलला उघडणारी खिडकी असावी आणि तिची किल्ली तिथेच टांगलेली असावी.

एक्स्टिंग्विशर उपयोगाचा आहे, पण फक्त आग कचऱ्याच्या डब्याएवढी असताना आणि बाहेर पडण्याचे दार आपल्या पाठीशी असताना. एबीसी पावडरचा घरगुती सिलिंडर बहुधा दहा-पंधरा सेकंदांत रिकामा होतो. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. मीटर रूममधल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला असा काटा नसतो. तो वजन करूनच तपासावा लागतो. कढईतले तेल पेटले तर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करून धातूचे झाकण सरकवावे आणि तेल थंड होईपर्यंत ते उचलू नये.

महाराष्ट्रात ज्या सोसायट्यांना अग्निसुरक्षा कायदा लागू आहे, त्यांना दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे बी फॉर्म प्रमाणपत्र द्यावे लागते. पुढच्या वेळी तपासणीला माणूस आला की सेक्रेटरींनी त्याच्यासोबत सर्वांत वरच्या मजल्यापासून पायी खाली यावे आणि प्रत्येक फायर डोअर त्याच्यासमोर सोडून पाहावा.