स्पॉन्सर व्हा, पण हिशोब विचारू नका

दुकान चालतंय, चार पैसे शिल्लक राहतायत आणि रात्री झोपही नीट लागतेय? मग एखादी टेनिस बॉल क्रिकेटची नाईट टुर्नामेंट स्पॉन्सर करा. ठाण्यात आमच्या वर्तकनगरकडे थंडी सुरू झाली की दर शनिवारी कुठे ना कुठे असतेच, शोधत जायची गरज नाही, पोरंच दुकानात येतात. माझं चष्म्याचं दुकान आहे, पाच जण आले, एकानेही चष्म्याच्या फ्रेमकडे बघितलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पहिला नियम, रेटवर प्रश्न विचारायचे नाहीत. पोरं म्हणतात "काका, टायटल दीड लाख, सहप्रायोजक ५१, तुमच्यासाठी ५१." आपण फक्त "तुमच्यासाठी" एवढंच ऐकायचं आणि खूश व्हायचं. ५१ कशाचे हे विचारलंत की तुम्ही कंजूष ठरता आणि वर भाऊंपर्यंत जातं. मुळात आकडा मैदानात माणसं किती येणार यावरून ठरतच नाही, तो बक्षिसाची रक्कम, लाईटचा जनरेटर, बॉलचे डझन आणि शेवटच्या रात्रीचं जेवण यांची बेरीज करून जेवढे स्पॉन्सर मिळतील त्यांच्यात वाटलेला असतो. म्हणजे तुम्ही जाहिरात विकत घेत नाही, त्यांच्या खर्चातला तुमचा हिस्सा उचलता. हे मला माहीत असतं तर मी उगाच घरी बसून गणित केलं नसतं.

गणित केलंच, तर असं होतं (करू नका, मन खट्टू होतं). एका चष्म्यामागे मला सरासरी ९०० रुपये सुटतात. ५१,००० वसूल व्हायला ५७ चष्मे विकायला हवेत, तेही असे लोक जे माझ्याकडे एरवी आलेच नसते. आता मैदानात कोण असतं? तीन रात्री, दर रात्री चारशे-साडेचारशे डोकी, पोरं म्हणतात बाराशे प्रेक्षक. पण तेच चारशे जण तिन्ही रात्री येतात. त्यातले निम्मे खेळणारे आणि त्यांचे मित्र, कळवा, दिवा, डोंबिवलीहून आलेले, ते चष्म्यासाठी वर्तकनगरला कशाला येतील. उरले दीड-दोनशे, जे माझ्या दुकानापासून चालत येण्याच्या अंतरावर राहतात. त्या दोनशेंतून ५७. वा. पोरांनी "यूट्यूबला लाईव्ह आहे काका, लाखभर व्ह्यूज जातात" हेही सांगितलं होतं, आणि व्ह्यूज खरंच बरे आले, खालच्या कमेंट उरण, अलिबागपासून दुबईपर्यंतच्या होत्या. दुबईहून अजून कोणी नंबर तपासायला आलेलं नाही.

दुसरा नियम, काय मिळणार ते लिहून घ्यायचं नाही, विश्वासावर चालतं सगळं. मलाही विश्वासच होता. वीस फुटी फ्लेक्सवर भाऊ, दादा, साहेब, युवा नेते असे एकतीस चेहरे होते (मी मोजले, वेळ भरपूर होता) आणि माझा लोगो सगळ्यात खालच्या पट्टीत, जिथे पाहुण्यांचे सोफे मांडले. तीन रात्री माझ्या लोगोला पाठ लावून मान्यवर बसले. टी-शर्टवर छाती भाऊंची, पाठ टायटलवाल्याची, मला डावी बाही, आणि आपले बॉलर बाही खांद्यापर्यंत वर सरकवल्याशिवाय बॉल टाकत नाहीत. कॉमेंट्रीत दर ओव्हरला नाव घेणार होते, पण कॉमेंट्रीवाल्याच्या हातात कागदच नव्हता. शिवाय मुख्य मॅचेस रंगात येतात दहानंतर, आणि दहाला पोलिसांची गाडी आली की स्पीकर बंद. म्हणजे माझी जाहिरात गर्दी जमायच्या आधी, सात ते आठ, खुर्च्यांना ऐकवली गेली.

समोरच्या बाउंड्रीवर अजून एका चष्मेवाल्याचा फ्लेक्स होता, २१ हजारवाला. तुमच्या धंद्यातला दुसरा कोणी घेणार नाही अशी एक ओळ ठरवताना टाकायची असते म्हणे.

पैसे रोख द्या, रोख दिल्याने माणुसकी टिकते. माझ्या सीएने पावती बघितली, वर "देणगी" लिहिलेलं, बिल नाही, आणि एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलेलं खर्चात धरता येत नाही असं काहीतरी तो बोलत राहिला. चेकने, "जाहिरात" असं लिहिलेल्या बिलावर, अर्धे आधी आणि अर्धे कार्यक्रम झाल्यावर दिले असते तर चाललं असतं, पण अर्धे नंतर ठेवले की पोरांना फ्लेक्स नीट लावावा लागतो, उगाच त्रास. आणि हो, चौकातल्या खांबावर लावलेल्या बॅनरवर परवानगीचा नंबर नव्हता, माझा मोबाईल नंबर मात्र ठळक होता, त्यामुळे पालिकेची माणसं कोणाला फोन करायचा याचा विचार करत बसली नाहीत.

पुढच्या वर्षी बायकोने नको तो हट्ट केला. म्हणाली, फ्लेक्स नको, पंधरा हजार द्या आणि मैदानात टेबलाची जागा मागा. स्टेजजवळ नाही, वडापावच्या गाडीशेजारी. कारण टीम हरली-जिंकली तरी पुढच्या मॅचपर्यंत पाऊण तास पोरं तिथेच उभी असतात, रिकामी. मी डोळे तपासायचा तक्ता लावला, सहा मीटरवर दोरी बांधून रेघ मारली, तपासणाऱ्या पोराला रात्रीचे १,५०० दिले, दोन रात्री. एक पोरगं डोळा मिचकावत चौथ्या ओळीवर अडकलं की मागचे ओरडायचे, "म्हणून कॅच सुटला रे तुझा!" आणि रांग वाढायची. जाहिरात करायचीच नाही, लोक एकमेकांची करतात.

हे करू नका, कारण मग मोजावं लागतं. ज्याला नंबर निघाला त्याला पिवळं कार्ड दिलं, कार्डावर क्रमांक, मुदत तीन आठवडे, दुकानात आणलं तर डबी आणि कापड फुकट (जे मी सगळ्यांनाच देतो). एकूण १४० जण तपासले, ३८ कार्डं वाटली, २३ परत आली. २३ गुणिले ९००, म्हणजे २०,७००. खर्च फी धरून १९,२०० झाला होता. मी पेढे आणणार होतो, तेवढ्यात बायकोने जुनं रजिस्टर काढलं. २३ पैकी सहा जण आपलेच जुने गिऱ्हाईक, ते मैदानात गेले नसते तरी आले असते. उरले सतरा, १५,३००. म्हणजे ३,९०० तोटा. पण ते सतरा दोन वर्षांनी काच बदलायला आले तर भरून निघेल, आणि ते येतायत का हे बघायला कार्डाचा क्रमांक रजिस्टरमध्ये लिहून ठेवावा लागतो. बघा, फ्लेक्सच्या वर्षी असला काही व्याप होता? तेव्हा "नाव झालं" एवढंच म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

काल पोरं परत आली. "काका, यंदा टायटल तुम्ही घ्या, टेबलबिबल नको, पब्लिक मॅच सोडून तिथेच गर्दी करते." मी विचार करून सांगतो म्हटलं. त्यांच्यातला एक जाताना दारातच थांबला, गेल्या वर्षी सेमीफायनलला अंपायर होता तो, खिशातून चुरगळलेलं पिवळं कार्ड काढलं आणि हळूच विचारलं, "हे अजून चालेल का?"