सूर्योदयाला प्रतिपदाच नव्हती, तरी पाडवा १९ मार्चलाच

ग्राहकाचा अभिप्राय: «पाडव्याचे शुभेच्छा संदेश १९ मार्चला गेले. आम्ही सूर्योदयाची तिथी काढणारा छोटा प्रोग्राम लिहून पाहिला, तर मुंबईत १९ला अमावास्या आणि २०ला थेट द्वितीया आली. म्हणजे तारीख अंदाजाने टाकली होती. वर सिडनीच्या ग्राहकांना २०ला संदेश गेले! एका सणाच्या दोन तारखा कशा? आणि एकदा यादी करून ठेवली की काम संपलं, दरवर्षी वर्गणी कशाची?»

नमस्कार. तुमच्या प्रोग्रामचं गणित बरोबर आहे. २०२६च्या पाडव्याला मुंबईत त्याने तेच उत्तर द्यायला हवं होतं. अडचण गणितात नाही, त्याला विचारलेल्या प्रश्नात आहे.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या रेखांशांतलं अंतर, दर १२ अंशांना एक. तुमच्याकडे बहुधा अशी ओळ असेल:

```python
tithi = int(((moon - sun) % 360) / 12) + 1
```

१९ मार्च २०२६ला मुंबईत सूर्योदय सकाळी ६:४४च्या सुमारास होता आणि अमावास्या ६:५२ला संपली. म्हणजे सूर्योदयाच्या क्षणी अंतर ३५९.९ अंशांच्या आसपास होतं, पूर्ण व्हायला जेमतेम आठ-नऊ मिनिटं बाकी होती. उत्तर आलं ३०, अमावास्या. प्रतिपदा ६:५२ला लागली आणि २० मार्चला पहाटे ४:५२ला संपली. २०च्या सूर्योदयापर्यंत अंतर १३ अंशांवर पोचलं होतं, म्हणून उत्तर आलं २. बावीस तासांची ही प्रतिपदा दोन सूर्योदयांच्या मधल्या फटीत बसली, एकाही सूर्योदयाला तिने स्पर्श केला नाही. हाच तिथीचा क्षय. छापील पंचांगात १९च्या ओळीत अमावास्येसमोर ६:५२ आणि क्षय प्रतिपदेसमोर २८:५२ असं काहीसं दिसेल. २८:५२ म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ४:५२.

रोज सूर्योदयाला तिथी विचारत गेलं, तर क्षयतिथीचा सण यादीतून गुपचूप गळतो. प्रोग्राम कुठे अडत नाही, चूकही दाखवत नाही. एक ओळ फक्त कमी असते. म्हणून आम्ही उलट बाजूने जातो. आधी अंतर ० आणि १२ अंश होण्याचे दोन क्षण शोधतो, म्हणजे तिथीची सुरुवात आणि शेवट. मग त्या दोन क्षणांमध्ये त्या गावचे किती सूर्योदय पडतात ते मोजतो.

```python
hits = [d for d in days if start <= sunrise(d, place) < end]
date = hits[0] if hits else start.astimezone(tz).date()
```

एक सूर्योदय सापडला तर तो दिवस. दोन सापडले (तिथीची वृद्धी) किंवा एकही सापडला नाही, तर पाडव्यासाठी आधीचा दिवस घ्यायचा, हा धर्मशास्त्रातला नियम आहे. शेवटच्या तुकड्यात नुसती सुरुवातीची तारीख घेणं धोक्याचं वाटेल, पण ते चालतं. तिथी साधारण १९ तासांहून लहान होत नाही. त्यामुळे क्षयतिथी सूर्योदयानंतर पाचएक तासांच्या आतच लागते, मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या तारखेवर जाऊ शकत नाही.

हाच प्रोग्राम द्वारकेसाठी चालवून बघा. तिथे त्या दिवशी सूर्योदय ६:५९च्या सुमारास, म्हणजे अमावास्या संपल्यावर. तुमच्या पद्धतीनेही तिथे १९लाच प्रतिपदा मिळेल. मुंबईत पाडवा गायब आणि द्वारकेत हजर असं दिसलं, की समजावं, तिथी सूर्योदयाच्या अगदी काठावर आहे. आम्ही असे सगळे दिवस वेगळे काढतो: ज्या सणाच्या तिथीचा आरंभ किंवा शेवट त्याच्या ठरलेल्या काळापासून पंधरा मिनिटांच्या आत येतो, तो माणसाने पंचांगाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. एवढी सावधगिरी लागतेच, कारण सूर्यबिंबाची वरची कड दिसणं म्हणजे सूर्योदय की बिंबाचा मध्य क्षितिजावर येणं, एवढ्या फरकानेच आपल्याकडे तीन-चार मिनिटं हलतात.

सिडनीचं उत्तर याच हिशोबातून येतं. तिथी लागण्याचा क्षण जगभर एकच असतो, सूर्योदय मात्र प्रत्येक गावाचा आपापला. अमावास्या संपली तेव्हा सिडनीत १९ मार्चचे दुपारचे १२:२२ झाले होते. प्रतिपदा संपली २०ला सकाळी १०:२२ला. मधला एकमेव सूर्योदय २० तारखेचा, सकाळी सातच्या सुमाराचा. तिथे क्षय वगैरे काही नाही, सरळ २० मार्च. लंडनला मात्र १९च येते. तुमच्या सिडनीच्या यादीतले लोक भारतातल्या तारखेने सण करत असतील, तर त्या यादीच्या सेटिंगमध्ये «तारीख कुठली धरायची» या ठिकाणी भारत निवडा. पाठवायची वेळ तरीही सिडनीचीच राहील. संदेशाची वेळ आम्ही स्थानिक तारीख, तास आणि `Australia/Sydney` अशा नावाने साठवतो, ठरावीक तासांचा फरक धरून नाही. तिथलं घड्याळ ५ एप्रिलला एक तास मागे गेलं, तरी संदेश ठरल्या वेळीच जातो.

आता यादीबद्दल. पाडवा २०२५मध्ये ३० मार्चला होता, २०२६मध्ये अकरा दिवस अलीकडे १९ मार्चला आला, आणि २०२७मध्ये तो ७ एप्रिलला आहे, म्हणजे एकोणीस दिवस पलीकडे. मध्ये १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ येतो. दोन अमावास्यांच्या मध्ये सूर्याची एकही संक्रांत पडली नाही की तो महिना अधिक. या वेळी महिना संपवणारी अमावास्या १५ जूनला सकाळी ८:२४ला संपते आणि मिथुन संक्रांत त्याच दिवशी दुपारी होते. राशींची सुरुवात कुठून मोजायची ते अयनांश ठरवतो. तिथी काढताना तो वजाबाकीत उडून जातो, महिना ठरवताना उडत नाही. म्हणून चित्रापक्षीय अयनांशाऐवजी वेगळा घेतला, तर अधिक महिनाच दुसरीकडे सरकू शकतो. गणेश चतुर्थी २०२५मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६मध्ये १४ सप्टेंबरला आहे, तीही याच अधिक महिन्यामुळे.

शिवाय सूर्योदयाचा नियम सगळ्या सणांना लागत नाही. गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघायचा, संकष्टीला चंद्रोदय, लक्ष्मीपूजनाला प्रदोष. २०२५मध्ये अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी ३:४४ला लागून २१ला संध्याकाळी ५:५४ला संपली. उत्तरेत बहुतेकांनी २०ला लक्ष्मीपूजन केलं, महाराष्ट्रात ते २१ला झालं. तिथीचे क्षण दोघांचेही तेच, निर्णय वेगळा. हा निर्णय कुठलंही सूत्र आपणहून देऊ शकत नाही. प्रांताप्रमाणे कोणतं पंचांग धरायचं ते माणसालाच ठरवावं लागतं, आणि ते काम दरवर्षी नव्याने करावं लागतं. दिल्ली आणि पुण्याचे ग्राहक तुमच्या एकाच यादीत असतील, तर दिवाळीआधी ती यादी प्रांतानुसार फोडून घ्या. तसं केलं नाही तर संपूर्ण यादीला खात्याच्या मूळ गावाची तारीख लागते.