बावीस युनिटांचा पाहुणा

मालवणात आम्ही दोघे भाडेकरू एकाच घरात राहतो: वरच्या मजल्यावर मी, खाली भाऊ. वीजबिल घरमालक काकांच्या नावावर एकच येतं. वाटणीसाठी दोघांना सबमीटर आहेत. ते बसले तेव्हा वाटलं, चला, भांडण मिटलं.

पहिल्याच महिन्यात भाऊंचा वापर निघाला १६८० युनिट. ‘मी काय रातभर वेल्डिंग करतंय काय?’ भाऊ कडाडले. शेवटचा लाल आकडा दशांशाचा असतो, तो सोडायचा. तो सोडल्यावर १६८ उरले आणि भाऊंचा आवाजही तितकाच खाली आला.

मेन मीटरचं रीडिंग घेतात त्याच दिवशी आम्ही दोन्ही सबमीटर वाचतो, म्हणजे तारखांचा घोळ नको. तरी माझे ११२ आणि भाऊंचे १६८ मिळून झाले २८०, आणि बिलावर ३२०. मधले ४० युनिट गेले कुठे? विहिरीचा एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो. रोज अर्धा तास, म्हणजे महिन्याचे १५. जिन्यातला नऊ वॅटचा दिवा रात्रभर जळून ३. उरले २२.

भाऊंचा संशय माझ्या गिझरवर, माझा त्यांच्या इस्त्रीवर. पण गिझर काय, इस्त्री काय, दोन्ही सबमीटरच्या पुढे जोडलेली. शेवटी आम्ही दोघांचे मेन स्विच पाडले, पंप-दिवा बंद केला आणि मेन मीटरसमोर उभे राहिलो. लाल दिवा लुकलुकतच होता! थोड्या वेळाने थांबला, मग पुन्हा सुरू. असा दमादमाने खाणारा प्राणी घरात एकच: फ्रीज. काका मुंबईला, त्यांच्या खोलीला कुलूप, आणि दाराला कान लावला तर आत घुर्रर्र.

बिल होतं ३५०० रुपये. त्यातला स्थिर आकार १४० आधी बाजूला काढला, तो दोघांत निम्मा. उरलेले ३३६० भागिले ३२०, म्हणजे युनिटला साडेदहा रुपये. पंप-दिव्याचे १८ युनिटही निम्मे. माझे झाले १३४०.५०, भाऊंचे १९२८.५०, फ्रीजचे २३१.

भाऊंना हेही पटेना. फ्रीज नसता तर आपण २९८ वर थांबलो असतो; ३०० च्या पुढचा महाग टप्पा त्याच्यामुळे लागला, तर त्याला तोच दर लावा! हिशोब बिनतोड होता. पण घरभाडं वाढवायचा अधिकार काकांकडे आहे, म्हणून मी सरासरीवरच थांबलो आणि चिठ्ठी लिहिली:

‘काका, स. न. मेन मीटर ३२०, आमचे दोघांचे मिळून २८०, पंप व दिवा अंदाजे १८. उरलेले २२ युनिट आपल्या खोलीतल्या फ्रीजचे दिसतात. त्यांचे २३१ रुपये भाड्यातून वळते करू का? तिन्ही मीटरचे फोटो सोबत आहेत.’

उत्तर लगेच आलं: ‘करा. पण फ्रीज बंद करू नका, चतुर्थीसाठी आमरस ठेवलाय. आणि पंप जरा कमी चालवा.’