अस्वल दिसलं की बर्लिन म्हणा

भाचे-पुतणे परदेशात फिरायला गेले की घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘ओळखा, कुठे आहे?’ अशा वेळी फोटो मोठा करून बघत बसणारा माणूस कधीच पहिला येत नाही. तुम्हाला पहिलं यायचं असेल तर माझी पद्धत घ्या. ती अनुभवातून आलेली आहे.

फोटोत बस, बाक, इमारत किंवा गटाराचं झाकण असतंच, आणि त्यावर युरोपात हमखास एखादं चिन्ह असतं. त्या चिन्हात जो प्राणी असेल त्यावरून शहर ठरवायचं. अस्वल म्हणजे बर्लिन. एवढं एक पाठ करा, बाकीचं आपोआप जमतं.

माझंच उदाहरण देतो. पुतण्याने फोटो टाकला. चढावर लाकडी घरं, मधोमध एक पिवळी बस, कडेला एका इमारतीवर पांढरी ढाल. ढालीवर दोन पायांवर उभं असलेलं काळं अस्वल, नखं आणि जीभ लाल. मला फोटो उघडल्यापासून दहा सेकंदही लागले नाहीत. बर्लिनचं अस्वल काळं, उभं, लाल नखांचं, पांढऱ्या ढालीवर. बर्लिनच्या बसही पिवळ्या. मी ‘बर्लिन’ लिहून मोकळा झालो. मागची हिरवी टेकडी आणि तिच्यावर चरणाऱ्या गायी मला दिसल्या होत्या, पण राजधानीतही कुणाला दूध लागत असेलच की.

पुतण्या म्हणाला, “काका, अस्वलाच्या दोन बाजूंना काय लिहिलंय ते बघा.”

बघितलं. एका बाजूला ‘व्ही’, दुसऱ्या बाजूला ‘आर’. माझा जन्म गिरगावातला, त्यामुळे ही अक्षरं मला कोणी शिकवायला नकोत. व्हिक्टोरिया रेजिना! आणि राणीची थोरली मुलगी बर्लिनला दिलेली. 1888 साली जावई तिथे बादशहा झाला होता. म्हणजे सासूबाईंची अक्षरं व्याह्यांच्या अस्वलाला चिकटली. इतकं चोख उत्तर त्या ग्रुपवर आजवर कोणी दिलेलं नव्हतं. ते चुकलं, ही गोष्ट वेगळी.

गाव होतं पूर्व स्वित्झर्लंडमधल्या आपेनझेल आउसररोडेन या कँटनमधलं. कँटन म्हणजे त्यांचं छोटेखानी राज्य. आपेनझेलचा मुलूख पूर्वी सेंट गालेनच्या मठाच्या ताब्यात होता. त्या मठाच्या मूळ पुरुषासाठी, संत गालुससाठी, एका अस्वलाने लाकडं वाहून आणली अशी आख्यायिका आहे. तिथून अस्वल मठाच्या ढालीवर आलं आणि मठाकडून आपेनझेलकडे. पुढे 1597 साली धर्मावरून भाऊबंदकी झाली. कॅथलिक आतल्या भागात राहिले, प्रोटेस्टंट बाहेरच्या भागात, आणि वाटणीत अस्वल मात्र दोघांनाही हवं होतं. मग बाहेरच्यांनी आपल्या अस्वलाशेजारी ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरं घातली. जुन्या लिखाणात ‘यू’च्या जागी ‘व्ही’ काढत, म्हणून ‘उस्सर रोडेन’, बाहेरचं रोडेन. व्हिक्टोरिया राणी जन्माला यायला तेव्हा दोनशेवर वर्षं बाकी होती.

आणि ती पिवळी बस? ती पोस्टाची. स्वित्झर्लंडभर गावोगाव जाणाऱ्या या बसवर पोस्टाचं शिंग रंगवलेलं असतं. शिंग बघितलं तर देश कळतो, पण गाव कळत नाही, म्हणून बघूच नये. बस हा तसाही बेभरवशाचा पुरावा. आपली बेस्टची बस ठाण्यातही दिसते, म्हणून ठाण्याला कोणी मुंबई म्हटलं तर ठाणेकर काय करतील ते सांगायला नको.

आता पथ्यं सांगतो. गाडीची नंबरप्लेट बघायचीच असेल तर पुढचीच बघा. स्वित्झर्लंडमध्ये मागच्या पाटीवर डावीकडे देशाचा क्रॉस आणि उजवीकडे कँटनची ढाल असते, म्हणजे उत्तर छापूनच ठेवलेलं असतं. पुढच्या पाटीवर दोन्ही ढाली नसतात. कँटनची दोन अक्षरं तेवढी पुढेही असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. जर्मनीतल्या गाडीवर ‘बी’ या अक्षराशेजारच्या गोल शिक्क्यात इवलंसं अस्वल असतं. ते तुमच्या बाजूचं आहे, पण इवलंसं आहे, सोडून द्या.

अस्वलाची चालही बघू नका. बर्नचं अस्वल चार पायांवर चालतं, लाल ढालीवरच्या तिरक्या सोनेरी पट्ट्यावरून वर चढतं. माद्रिदचं अस्वल उभं असतं खरं, पण ते लाल फळांच्या झाडाला हात टेकून, आणि ढालीच्या निळ्या काठावर सात तारे असतात. ते सप्तर्षी, कारण आपण जिथे ऋषी बघतो तिथे युरोपवाले मोठं अस्वल बघतात. माद्रिदच्या पांढऱ्या टॅक्सीच्या दारावर लाल तिरका पट्टा आणि हेच चिन्ह असतं. कुणी टॅक्सीचा फोटो टाकला तर तुम्ही ‘बर्लिन’ म्हणा आणि झाडाबद्दल विचारलं तर ‘तिथे हिरवळ खूप आहे’ असं सांगा.

खुद्द बर्लिनमध्ये मात्र ही पद्धत उलटी चालवायची. तिथल्या बाराही विभागांची स्वतंत्र ढाल आहे आणि तिच्यावर भलतंच काहीतरी काढलेलं असतं. ढालीच्या डोक्यावर तीन बुरुजांचा मुकुट असतो आणि मधल्या बुरुजावर बर्लिनची छोटी ढाल, अस्वलासकट. म्हणजे नगरभवनाचा फोटो आला तर नजर मुकुटाकडे गेली की उत्तर सापडतं. तुम्ही ढालीवर जे मोठं चित्र आहे तेच बघा आणि बर्लिनच्या नगरभवनाला आत्मविश्वासाने ‘व्हिएन्ना’ म्हणा.

शिवाय जर्मनीत काही ठिकाणी रस्त्याकडेला अस्वल कोरलेला दगड भेटतो आणि त्यावर ‘बर्लिन’ असं चक्क लिहिलेलंच असतं. पुढे किलोमीटरचा आकडा असतो. आकडा वाचू नका. पाचशे किलोमीटरने काय फरक पडतो?

हे सगळं पुतण्याला कबूल करणं जड जात होतं, म्हणून मी उलट डाव टाकला. आमच्या इमारतीसमोरच्या बाकाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘ओळख, कुठे आहे?’ त्या बाकावर ढाल नाही, प्राणी नाही, मुकुट नाही, पालिकेचं चिन्ह तर नाहीच नाही. म्हटलं, आता बसू दे हिरवी टेकडी शोधत.

त्याचं उत्तर मिनिटभरात आलं. शहर, प्रभाग, बाक बसवल्याचं वर्ष, तेव्हा कोणाचा पक्ष होता, आणि माननीय नगरसेविकांच्या नावाखाली त्यांच्या यजमानांचं नाव जास्त मोठ्या अक्षरात का आहे, हेसुद्धा. मी पुन्हा खाली जाऊन बाक नीट बघितला. पाठीवर सगळं रंगवलेलं होतं, सौजन्यासहित. एक फळी तुटली होती, ती नेमकी जिथे मजकूर नव्हता तिथली.