आत गेलेलं पाणी बाहेर आलं का?

"प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी महत्त्वाचं! पिशवीतलं पाणी गुलाबी दिसलं की सगळं ठीक समजा. पेशंट सारखी लघवी लागली म्हणतो ते नळीमुळे, लक्ष देऊ नका. पाणी लाल झालं किंवा कमी यायला लागलं तर वरचं सलाईन फुल सोडा, गुठळ्या आपोआप वाहून जातात. नळी निघाली की धोका संपला. सर्वांना पाठवा."

हा मेसेज माझ्या वॉर्डातल्या नातेवाइकांच्या फोनवर मी पाहिला आहे, आणि तो वाचून कुणी सलाईनच्या चाकाला हात लावेल याची मला खरोखर भीती वाटते. मी युरॉलॉजी वॉर्डात स्टाफ नर्स आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वाढलेली प्रोस्टेट म्हणजे कॅन्सर नव्हे. उतारवयात ही ग्रंथी वाढते, लघवीची वाट दाबली जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे टीयूआरपीमध्ये, ही वाढ आतून खरवडून काढतात. तिथे टाके नसतात, उघडी जखम राहते आणि ती पाझरत असते. ते रक्त मूत्राशयात साचून गोठू नये म्हणून तीन तोंडांची जाड नळी घालतात. एका तोंडातून नॉर्मल सलाईन आत जातं, दुसऱ्यातून लघवी, रक्त आणि ते सलाईन बाहेर येतं, तिसऱ्या तोंडाने आतला फुगा भरलेला असतो. सलाईन उंचीवरून आपल्या वजनाने उतरतं. बाहेरची वाट मोकळी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. वाट बंद झाली तरी ते आत येतच राहतं.

आता रंगाबद्दल. फिकट गुलाबी पाणी चांगलं, हे खरं आहे. पण पिशवीत दिसतो तो मागच्या तासाभराचा रंग. आत्ताचा रंग बघायचा तर नळी पिशवीला जोडली जाते त्याच्या वर, मांडीजवळच्या पारदर्शक भागात बघावं लागतं. शिवाय सलाईन जोरात चालू असेल तर बरंच रक्त जात असूनही पाणी फिकट दिसतं. आणि नळी गुठळीने बंद झाली की पिशवीतलं जुनं गुलाबी पाणी तसंच शांत राहतं. म्हणून आम्ही रंगाआधी हिशेब बघतो: दर तासाला किती आत गेलं, किती बाहेर आलं. बाहेर आलेल्यातून आत गेलेलं वजा केलं की उरते ती खरी लघवी. बाहेर नेहमी आतपेक्षा जास्तच यायला हवं.

एक उदाहरण देते. साधारण सत्तरीचे काका, सकाळी टीयूआरपी झालेली. दुपारी ४ ते ५ मध्ये १००० मिली आत गेलं, ११०० बाहेर आलं, म्हणजे लघवी १००. छान. ५ ते ६ मध्ये पुन्हा १००० आत, पण बाहेर ९५०. नुसतं बघितलं तर ५० मिलीचा फरक किरकोळ वाटतो. पण त्या तासात मूत्रपिंडांनीही साधारण १०० मिली लघवी केली असणार, म्हणजे आत १५० च्या आसपास अडकलं. अंथरूण उचलून पाहिलं, नळीच्या कडेने काही गळलेलं नव्हतं. काका म्हणत होते, "सिस्टर, लघवीला जोरात लागलीय हो." मुलगा त्यांना समजावत होता, "बाबा, नळी आहे ना, तसंच वाटतं." पुढच्या पंधरा मिनिटांत २५० आत गेलं आणि जेमतेम ६० बाहेर आलं. आता आत साडेतीनशेच्या वर होतं. ओटीपोटावर हात ठेवला तर गोल, टणक उभार लागत होता. मघाशी ७८ असलेली नाडी १०४ झाली होती, कपाळावर घाम होता.

लघवी लागल्याची भावना नळीच्या फुग्यामुळे येते, हे खोटं नाही. मूत्राशयाला पेटका आला तरी तसंच होतं, कधी कडेने गळतंही. पण पेटका लाटेसारखा येतो, ओसरतो, आणि तो ओसरला की पाणी पुन्हा नीट वाहतं. गुठळीचं दुखणं ओसरत नाही, वाढत जातं, आणि पिशवीतली धार थेंबांवर येते. पेटक्याचं औषध आहे, पण ते द्यायच्या आधी वाट मोकळी आहे याची खात्री करायची. वयस्क माणूस अचानक चुळबुळ करायला लागला, नळी ओढायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर "भूल उतरतेय" म्हणण्याआधी पोटाला हात लावून बघा.

सलाईन फुल सोडायच्या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, आणि मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच. पाणी लाल झालंय पण धार पूर्ण आहे, तर वेग वाढवणं बरोबर, आणि ते सिस्टर करतील. पण धार कमी झाली असेल तर वरचं सलाईन आधी बंद. त्या काकांचंही आम्ही पहिल्यांदा तेच केलं. भरत चाललेलं मूत्राशय ताणलं जातं, जखमेच्या रक्तवाहिन्या आकसू शकत नाहीत, रक्त वाढतं, अजून गुठळ्या होतात. तसंच चालू ठेवलं तर मूत्राशय फाटून पाणी पोटात जाऊ शकतं.

सलाईन बंद केल्यावर नळी कुठे दुमडली नाही ना, काका तिच्यावर झोपले नाहीत ना, पिशवी भरून आलेली नाही ना, हे पाहिलं. दोन लिटरची पिशवी या वेगाने दोन तासांच्या आत भरते. सगळं सरळ होतं. डॉक्टरांनी निर्जंतुक हातमोजे घालून मोठ्या सिरिंजने ५० मिली सलाईन हळूच आत सोडलं आणि ओढलं. तीन-चार वेळा केल्यावर आमसुलासारख्या काळपट गुठळ्या आल्या, पाठोपाठ साचलेलं पाणी धो धो आलं. इथे जोर करायचा नसतो. आत घातलेलंही परत येत नसेल तर थांबायचं, आणि अनेकदा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन धुवावं लागतं. गुठळ्या पूर्ण निघाल्यावरच काकांचं सलाईन पुन्हा चालू केलं.

नातेवाइकांना एक विनंती. वरची बाटली संपायला आली की संपण्याआधी सांगा. धुणं खंडित झालं की त्या वेळात गुठळी धरते.

नळी निघाल्यावर सुरुवातीला जळजळ, घाई, थोडी लाली असते. पण लघवी मोजून करायला सांगतात ते उगीच नाही. अनेक वर्षं दाब सोसलेलं मूत्राशय कधीकधी पूर्ण रिकामं होत नाही. थेंब थेंब लघवी होतेय आणि ओटीपोट भरलेलं आहे, तर ती तुंबून सांडणारी लघवी असते. सोनोग्राफीत ते कळतं. दुसरं म्हणजे, साधारण दहा ते चौदा दिवसांनी जखमेवरची खपली सुटते, तेव्हा पुन्हा लाल येऊ शकतं. भरपूर पाणी प्यायल्यावर ते फिकट झालं तर ठीक. म्हणूनच बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करायच्या नाहीत.

पण गुठळ्या पडून लघवी अडली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. कॅज्युअल्टीत पोचताच ऑपरेशनची तारीख, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, आणि शेवटची लघवी किती वाजता झाली, हे सांगा. गुठळ्या आहेत हेही आवर्जून सांगा, कारण नेहमीच्या बारीक नळीतून त्या निघत नाहीत, जाड नळी लागते.