एक्सेलमधले तीन महिने

दर महिन्याच्या पाच तारखेला मला प्रगतिपुस्तक दाखवायचं असतं. शाळेत त्यावर सही करणारे वडील एकच होते. आता अकरा गुंतवणूकदार आहेत, आणि अकराही जणांनी पैसे घातलेत. त्यात एक निवृत्त जनरल मॅनेजर, दोन डॉक्टर आणि बायकोचे मावसकाका आहेत. मावसकाका दिवाळीच्या फराळालासुद्धा "मग, बर्न किती?" असं विचारतात, म्हणजे दर महिन्याला जमेपेक्षा किती जास्त पैसे जातात.

धंदा तसा साधा. चाकणच्या कारखान्यांमध्ये जेवणाच्या कागदी कुपनाऐवजी आमचं यंत्र बसतं. कामगार बोट लावतो, ताट मिळतं, आणि महिनाअखेर कंपनीला किती ताटं गेली ते कळतं. एका कारखान्याचे महिन्याला १४,००० रुपये अधिक जीएसटी. हे एका वाक्यात सांगता येतं. गुंतवणूकदारांना दरमहा मेलने पाठवायचा अपडेट, म्हणजे ते प्रगतिपुस्तक, मात्र एका रात्रीत लिहून होत नाही.

पहिली मेख तारखेतच आहे. महिना चांगला गेला की अपडेट दोन तारखेला सकाळी जातो, वाईट गेला की "जरा आकडे पक्के होऊ देत" म्हणत सत्तावीसपर्यंत घरंगळतो. गुंतवणूकदार मूर्ख नसतात. मेल किती तारखेला आला एवढं पाहूनच त्यांना आतलं कळतं. म्हणून पाच म्हणजे पाच, आणि विषयाच्या ओळीतच मुद्द्याचं: "जून: ३१ कारखाने, बँकेत ५४ लाख, ९ महिने पुरतील." ज्याला फक्त विषय वाचून अंगठा पाठवायचा आहे, त्याचीही सोय होते.

आता हे '९ महिने' कुठून आले ते सांगतो, कारण माझ्या पहिल्या खर्ड्यात ते जवळपास बारा होते.

जूनच्या सुरुवातीला २९ कारखाने होते, तीन नवे आले, एक गेला, उरले ३१. गुणिले १४,०००, म्हणजे दरमहा ४,३४,००० रुपये. पगार, सर्व्हर, भाडं, नवी यंत्रं आणि भरलेला जीएसटी धरून खर्च ८,९०,०००. वजाबाकी केली की खड्डा ४,५६,००० रुपयांचा. बँकेतल्या ५४ लाखांना त्याने भागलं की येतात जवळजवळ बारा महिने. मी खूश. चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत बँकेचं स्टेटमेंट उघडलं. ४,३४,००० हा बिलांचा आकडा आहे, जमेचा नाही. ३१ पैकी १९ कारखान्यांनीच पैसे दिले होते. प्रत्येकाकडून १४,००० अधिक २,५२० जीएसटी, वजा १,४०० टीडीएस, असे १५,१२० आले. एकूण जमा २,८७,२८०. उरलेल्या बारा जणांची फाइल 'साहेबांच्या सहीला' गेलेली. गंमत अशी की त्या बारा बिलांवरचा जीएसटी आपण पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचाच असतो, साहेब सही करोत वा न करोत. म्हणजे ज्याने आपल्याला पैसे दिले नाहीत, त्याच्या वतीने आपण सरकारला पैसे देतो. एवढी माया सख्ख्या भावालाही कोणी लावत नाही.

तर खरा खड्डा ६,०२,७२० रुपयांचा, आणि ५४ लाखांना त्याने भागलं की ९ महिने. तीन महिने फक्त एक्सेलमध्ये राहत होते. उलटा घोळही होतो. एखाद्या कारखान्याने वर्षाचे पैसे एकदम दिले, की त्या महिन्यात खड्डा उथळ दिसतो आणि आपण उगाच मूठभर मांस अंगावर चढवून घेतो. म्हणून मी तीन महिन्यांची सरासरी शेजारी लिहितो. बारा आणि नऊ यांतला फरक मानापमानाचा नाही. पुढचे पैसे उभे करायला सहा महिने सहज जातात. बारा असतील तर गणपतीनंतर बघू म्हणता येतं. नऊ असतील तर उद्यापासून फोन.

मग येतो 'अडचणी' हा परिच्छेद. गेलेल्या त्या एका कारखान्याबद्दल पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "एका ग्राहकाकडे किरकोळ तांत्रिक अडथळे आले." हे वाक्य 'मुलगा हुशार आहे पण अभ्यास करत नाही' याच जातीचं आहे. त्यातून कोणाला काही कळत नाही, आणि लिहिणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

खरं झालं होतं ते असं. तिथे एका पाळीत ४०० कामगार, जेवणाची सुट्टी ३० मिनिटं, खिडक्या दोन. एका माणसाला चार सेकंद लागले तर २०० जणांची रांग तेरा-चौदा मिनिटांत संपते. पण हा मशीनशॉप. दिवसभर कूलंट आणि ग्रीसमध्ये हात, बोटांच्या रेषा झिजलेल्या. बोट पुसा, पुन्हा लावा, दुसरं लावा, असं करत सरासरी गेली नऊ सेकंदांवर. दोनशे गुणिले नऊ, म्हणजे बरोबर ३० मिनिटं. शेवटच्या माणसाच्या ताटात आमटी पडली तेव्हा भोंगा वाजला. तिसऱ्या दिवशी एचआरवाल्यांनी यंत्र खोक्यात घालून परत दिलं, वर कुपनाची जुनी पुस्तकंही दाखवली.

अपडेटमध्ये हे सगळं चार ओळींत लिहिलं: काय झालं, का झालं, काय केलं आणि कधी कळेल. मशीनशॉप असेल तिथे आता बोटाऐवजी कार्ड. कार्डाची खोड अशी की एकजण दोन कार्डं घेऊन येतो आणि मित्राच्या नावावर दुसरं ताट नेतो. ती गळती किती, हे ३१ जुलैला सांगेन. हे लिहिल्यावर निवृत्त जनरल मॅनेजरांचा अर्ध्या तासात फोन आला. 'किरकोळ अडथळ्या'वर त्यांचा फोन कधी आला नव्हता.

शेवटी मागणं. "ओळखी असतील तर जरूर कळवा" हे मी दोन वर्षं लिहीत होतो, आणि दोन वर्षं उत्तर येत होतं, "नक्की!" गर्दीत "कोणीतरी पाणी द्या" म्हटलं की प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघतो, तसंच. आता मागणी दोनच, आणि तीही नाव घेऊन. एक: "चाकण किंवा रांजणगावात ३०० ते ८०० कामगारांच्या कारखान्यातल्या एचआर प्रमुखाची ओळख, १५ तारखेपर्यंत." खाली पाच ओळींचा तयार मजकूर, जो त्यांनी नुसता पुढे ढकलायचा. दुसरी: "थकलेल्या बारांपैकी तीन कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये तुमची ओळख आहे, एक फोन कराल का?" आमच्यासारख्या उद्यम नोंदणी असलेल्या लघु उद्योगाला करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, पण कायद्याचा मेल पाठवला की पैसे येतात आणि ग्राहक जातो. फोनने दोन्ही राहतात.

आणि हो, सगळ्यांचे पत्ते बीसीसीत. एकदा चुकून सीसीत टाकले, तर दोन डॉक्टरांनी 'रिप्लाय ऑल'वर चार दिवस आपापसात आमच्या किमतीची शस्त्रक्रिया केली.

या वेळी नऊ वाजता मेल गेला आणि नऊ वाजून सहा मिनिटांनी मावसकाकांचं उत्तर आलं. चाकणला त्यांचा सख्खा मेहुणा आहे, अगदी कॅन्टीनच्याच धंद्यात, आजच बोलतो म्हणाले. मी हरखून विचारलं, एचआरला का? तर नाही, कंत्राटदार आहे. चार कारखान्यांना जेवण पुरवतो आणि ताटामागे पैसे घेतो. ताटं किती गेली ते आजवर तो स्वतःच मोजत आलाय.